बेकरीचं कॅप्शन दोन ओळींचं की गोष्टीचं? या चुका टाळा

छोट्या बेकऱ्यांची इन्स्टाग्राम पानं चाळली की दोन टोकं दिसतात. एकीकडे केकचा देखणा फोटो, खाली ‘संडे मूड’ आणि दोन हार्टचे इमोजी, संपलं. दुसरीकडे तसाच केक, पण खाली आजीच्या स्वयंपाकघरापासून सुरू झालेला भलामोठा मजकूर, आणि ऑर्डर कशी द्यायची ते अगदी तळाशी. गंमत म्हणजे दोन्ही ठिकाणी कॉमेंटमध्ये एकच प्रश्न येऊन पडलेला असतो: ‘किंमत?’

मग बेकरीवाली ताई विचारते, ‘लोक वाचत नाहीत, मी छोटंच लिहू का?’ किंवा ‘सगळे म्हणतात गोष्ट सांगा, मी मोठं लिहू का?’ माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी फोटो समोर घ्या आणि बघा, हा फोटो पाहून गिऱ्हाइकाला काय काय कळत नाही. जे कळत नाही ते दोन ओळींत मावत असेल तर कॅप्शन दोन ओळींचं. मावत नसेल, आणि ते कळल्याशिवाय माणूस पैसे देणार नसेल किंवा घरी नेऊन नाराज होणार असेल, तर मोठं लिहा. लांबी ही त्या पदार्थाची गरज असते. पानाची ‘स्टाईल’ म्हणून ती एकदाच ठरवून टाकली की पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

हे नुसतं बोलून कळणार नाही, म्हणून एक बेकरी डोळ्यांसमोर ठेवूया. पुण्यात कोथरूडला घराच्या तळमजल्यावर चालते, एक बाई आणि एक मदतनीस. रोज संध्याकाळी खारी आणि नानकटाई, ऑर्डरप्रमाणे एगलेस केक, दर शनिवारी गव्हाचा सॉरडो ब्रेड, आणि डिसेंबरात प्लम केक. अशा बेकऱ्या आता गावोगावी आहेत, आणि कॅप्शनच्या बाबतीत त्या जवळपास सगळ्या याच ठिकाणी अडखळतात.

खारीला गोष्ट लावणं

खारी महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. चहात बुडवायची, पदर सुटतात, कपड्यांवर चुरा सांडतो, हे सगळं वाचणाऱ्याला आधीच माहीत आहे. तिच्याबद्दल माणसाला हवी असते ती खबर: ताजी आहे का, कधी मिळेल, कितीला. अशा वेळी ‘पावसाळी संध्याकाळ, वाफाळता चहा आणि बालपणीच्या आठवणी’ असं आठ ओळी लिहिलं, तर ती खबर त्या आठ ओळींखाली गाडली जाते.

आणि ती खरोखरच गाडली जाते, कारण फीडमध्ये कॅप्शन पूर्ण दिसतच नाही. सुरुवातीच्या साधारण दोन ओळी दिसतात, मग `more` येतं. त्या दोन ओळींतलीही काही जागा तुमच्या खात्याच्या नावाने खाल्लेली असते, कारण कॅप्शन नावाला लागूनच सुरू होतं. बेकरीचं हँडल लांबलचक असेल तर पहिली ओळ अर्धी तिथेच संपते. वर देवनागरीच्या मात्रा-वेलांट्या. ‘स्ट्रॉबेरी’ आपल्या डोळ्यांना तीन अक्षरं वाटतात, पण संगणकाच्या हिशेबात त्या दहा खुणा असतात. कॅप्शनची एकूण मर्यादा २,२०० खुणांची आहे, त्यामुळे मोठा मराठी मजकूर आपल्याला वाटतो त्याच्या बराच आधी मर्यादेला टेकतो.

म्हणून खारीचं कॅप्शन असं असावं:

> खारी रोज ४ वाजता भट्टीतून बाहेर. पाव किलो ₹९०, एगलेस. दुकानात ७ पर्यंत, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘खारी’ लिहा, राखून ठेवते.

एवढंच. वेळ, वजन, किंमत, अंडं आहे की नाही, आणि मिळवायचं कसं. यात ‘खुसखुशीत’ लिहिलेलं नाही, कारण फोटोत पदर दिसतात. ‘एगलेस’ मात्र मुद्दाम आहे. आपल्याकडे कितीतरी घरांत बेकरीच्या पदार्थाबद्दलचा पहिला प्रश्न तोच असतो आणि तो फोटोवरून कधीच कळत नाही. जागा कमी पडली तर विशेषण काढा, पण अंड्याचा शब्द ठेवा. सुक्या मेव्याचंही तसंच. नानकटाईत बदामाची पूड असेल तर छोट्या कॅप्शनमध्येही ‘बदाम आहे’ हे दोन शब्द यायलाच हवेत, कारण ज्याला त्याची अ‍ॅलर्जी आहे त्याच्यासाठी तेवढीच माहिती महत्त्वाची असते.

आता याच्या उलटी चूक.

छोटं म्हणजे अर्धवट, असा समज

‘संडे मूड’ छोटं आहे, पण रिकामं आहे. ‘डीएम फॉर प्राइस’ हेही तसंच. काही जणींना वाटतं, किंमत लपवली की लोक विचारायला येतील आणि बोलणं सुरू होईल. होतं काय, की जी विचारायला येते तिला तुम्ही हाताने तेच उत्तर टाइप करता, आणि जिला संकोच वाटतो ती येतच नाही. ओव्हनसमोर उभं असताना दर दहा मिनिटांनी ‘₹६५० अर्धा किलो’ लिहीत बसणं हे कामही नको तेवढं आहे. केकच्या किमती डिझाइनप्रमाणे बदलतात हे खरं आहे. मग ‘अर्धा किलो ₹६५० पासून, फोटोतला ₹९५०’ असं लिहा. फोटोत दिसतो त्याचीच किंमत माणसाला आधी हवी असते.

छोटं कॅप्शन कमी पडतंय हे ओळखायची खूण सोपी आहे. पोस्टखाली आणि इनबॉक्समध्ये आलेले प्रश्न वाचा. तोच प्रश्न तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारला, तर त्याचं उत्तर कॅप्शनमध्ये असायला हवं होतं. ते एका वाक्यात देता येत असेल तर ते वाक्य घाला आणि कॅप्शन छोटंच राहू द्या. पण उत्तर देताना तुम्हाला ‘म्हणजे त्याचं असं आहे…’ अशी सुरुवात करावी लागत असेल, तर तो पदार्थ मोठं कॅप्शन मागतोय.

आपल्या बेकरीत असा पदार्थ म्हणजे शनिवारचा सॉरडो.

ज्याला समजूत लागते त्याला दोन ओळींत उरकणं

सुरुवातीला या ब्रेडचं कॅप्शन होतं: ‘गव्हाचा सॉरडो. शनिवारी. ₹२२०.’ खारीच्या नियमाने बघितलं तर बरोबर. वेळ आहे, किंमत आहे. ब्रेड विकलाही गेला. पण नंतर निरोप आले: कडक आहे. आंबट लागतोय, खराब झालाय का? आतून ओलसर आहे, कच्चा राहिलाय. चौथ्या दिवशी बुरशी आली. आणि एक जे निरोपात येत नाही पण मनात असतं: पंचेचाळीस रुपयांचा ब्रेड मिळत असताना याचे दोनशेवीस कशाला?

यातली एकही तक्रार ब्रेडमधल्या दोषाची नाही. सॉरडोत बाजारचं यीस्ट घातलेलं नसतं. पीठ आणि पाणी रोज खाऊ घालून जिवंत ठेवलेलं विरजण असतं, त्यातल्या जिवाणूंनी आम्ल तयार होतं आणि म्हणून तो थोडा आंबट लागतो. कवच जाड असतं कारण तो खूप तापलेल्या ओव्हनमध्ये, सुरुवातीला वाफ कोंडून भाजतात. गव्हाचं पीठ असलं की कोंडा ग्लूटेनच्या जाळ्याला तोडत राहतो, त्यामुळे ब्रेड मैद्याइतका फुगत नाही, घट्ट राहतो. आतून ओलसर वाटतो तो गरम असतानाच कापल्यामुळे. ओव्हनमधून काढल्यावर आतली वाफ बाहेर पडून गर बसायला निदान एक-दोन तास लागतात, आणि गव्हाच्या ब्रेडला त्याहून जास्त दिलेले बरे. फ्रिजमध्ये ठेवला तर तो लवकर शिळा आणि रबरासारखा होतो, कारण थंडीत पिठातला स्टार्च लवकर कडक होतो. बाहेर ठेवला तर पुण्याच्या पावसाळ्यात तीन-चार दिवसांत बुरशी धरते. मार्ग एकच आहे: दोन दिवसांत संपेल तेवढा बाहेर, बाकीचा कापून फ्रीझरमध्ये, आणि फ्रीझरमधून थेट तव्यावर किंवा टोस्टरमध्ये.

हे सगळं फोटोत दिसत नाही. फोटोत फक्त सुंदर चिरलेलं कवच दिसतं, आणि त्याच सुंदर कवचाला घरी गेल्यावर ‘कडक’ म्हणतात. इथे मोठं कॅप्शन हवं, आणि त्याने पैसे देण्याआधीची शंका आणि घरी नेल्यानंतरची नाराजी, दोन्ही हाताळायला हव्यात. ते असं लिहिता येईल:

> गव्हाचा सॉरडो, शनिवार १४ जून, ₹२२०, एगलेस. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर, शुक्रवारी दुपारी १२ पर्यंत. नेण्याआधी एवढं वाचा.
>
> हा ब्रेड बाहेरून कडक आणि चवीला थोडा आंबट असतो. यात बाजारचं यीस्ट नाही, घरचं विरजण आहे. शुक्रवारी दुपारी पीठ भिजवते, रात्रभर ते फ्रिजमध्ये हळूहळू आंबतं आणि शनिवारी पहाटे भाजते. एका ब्रेडला दुपारपासून पहाटेपर्यंत वेळ लागतो, म्हणून आठच होतात.
>
> गरम मिळाला तरी लगेच कापू नका, आतून चिकट लागेल. दोन-तीन तास थांबा. कापलेली बाजू खाली करून पाटावर ठेवा, वरून कापड.
>
> पावसाळा आहे, बाहेर दोनच दिवस. उरलेला कापून डब्यात, डबा फ्रीझरमध्ये. लागेल तसा काप काढून थेट तव्यावर, तूप सोडून. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका, वातड होतो.
>
> पहिल्यांदा खाताय आणि मऊ ब्रेड आवडतो? मग अर्धा घ्या, ₹११५.
>
> ऑर्डरसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सॉरडो’ लिहून पाठवा.

यात काय केलंय ते बघा. पहिल्या दोन ओळींत छोट्या कॅप्शनचं सगळं काम उरकलेलं आहे, म्हणजे ज्याला ब्रेड आधीच माहीत आहे तो `more` न दाबताही ऑर्डर देऊ शकतो. मग गोष्ट आहे, पण ती बेकरीतल्या त्या दुपार ते पहाटेची आहे, आणि तीच किमतीचं उत्तरही देते. ‘महाग वाटेल पण…’ असं कुठेही म्हणावं लागलेलं नाही. तक्रारी जिथून येत होत्या ती प्रत्येक जागा आधीच बोलून टाकली आहे. आणि अर्ध्या ब्रेडचा पर्याय हा तर निव्वळ त्या निरोपांमधून शिकलेला. कॅप्शन लिहिताना सुचला आणि मग दुकानात आला, असंही होतं.

गोष्टीत गोष्टच नसणं

मोठ्या कॅप्शन्समध्ये मला सगळ्यात जास्त खटकते ती ही चूक, म्हणून इथे थोडी रेंगाळते. ‘गोष्ट सांगा’ हा सल्ला ऐकून बहुतेक जणी भावना लिहायला बसतात. ‘बेकिंग ही माझी पॅशन आहे. प्रत्येक केकमध्ये आम्ही प्रेम ओततो. दर्जाशी तडजोड नाही.’ हे वाचून कुणाला काही दिसत नाही. एक परीक्षा करून बघा: बेकरीचं नाव झाकून तेच कॅप्शन दुसऱ्या कुठल्याही बेकरीच्या फोटोखाली चिकटवा. बसलं, तर ते तुमचं नाही.

गोष्टीला लागतो तो असा एखादा तपशील, जो त्या भट्टीपाशी उभं असलेल्या माणसालाच माहीत असतो. मे महिन्यात पीठ इतक्या लवकर चढतं की भिजवायचं पाणी बर्फाचं घ्यावं लागतं, आणि डिसेंबरात तेच पीठ तासन्‌तास हलत नाही. नानकटाईला वरची चीर आपोआप पडते, ती पाडायची नसते, आणि पडली नाही तर तूप जास्त झालं की ओव्हन कमी तापला हे शोधायचं असतं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे सुरुवातीचे डबे आले की केकमध्ये आधी पाण्याचा अंदाज चुकतो. हे वाचताना माणसाला हात दिसतात. आणि यासाठी पाल्हाळ लागत नाही, असा एक तपशील तीन वाक्यांत पुरेसा होतो.

आजीची पाककृतीही चालते, खरी असेल तर. पण मग आजीने नेमकं काय केलं ते सांगा. ‘आजीच्या हातची चव’ म्हणून सोडलं तर आजी कॅप्शनमध्ये येतच नाही. ‘आजी नानकटाईत रवा घालायची, मीही घालते, म्हणून ती दाताखाली कुरकुरते’ असं लिहिलं की ती येते.

याच ठिकाणी एक गंभीर गोष्ट. गोष्ट रंगवण्याच्या भरात दावे केले जातात. गुळाच्या केकला ‘शुगर फ्री’ म्हणणं हा त्यातला नेहमीचा. गूळही साखरच आहे, रक्तातली साखर वाढवतो, आणि मधुमेह असलेल्या घरात कुणी ते खरं मानून केक नेला तर त्याचा त्रास खऱ्या माणसाला होतो. ‘मैदा नाही’ म्हणताना केकमध्ये एक वाटी मैदा असणं, ‘पचायला हलका’, ‘वजन वाढत नाही’, हेही त्याच जातीचं. अन्नपदार्थांच्या जाहिरातीतल्या दाव्यांसाठी २०१८ पासून एफएसएसएआयचे वेगळे नियम आहेत, आणि विकण्यासाठी टाकलेली पोस्ट ही जाहिरातच असते. ‘साखरेऐवजी गूळ’ असं लिहा. ते खरं आहे आणि पुरेसं आहे.

मधल्या लांबीचं कॅप्शन

चार-पाच ओळींचं कॅप्शन सगळ्यात सुरक्षित वाटतं आणि माझ्या मते सगळ्यात वाया जातं. खबर म्हणून ते लांब असतं, कारण `more` मागे जातं. गोष्ट म्हणून ते अपुरं असतं, कारण दाबून उघडल्यावर मागे दोनच ओळी निघतात आणि त्यात हॅशटॅग. एकदा-दोनदा असं झालं की वाचणारी व्यक्ती तुमच्या पोस्टवर `more` दाबणं सोडते, आणि मग सॉरडोसारखं खरंच वाचायला हवं ते कॅप्शनही बंदच राहतं. पाच ओळी झाल्या असतील तर आधी कापून दोन करून बघा. कापवत नसेल, तर त्यात सांगण्यासारखं काहीतरी आहे, मग ते नीट वाढवा.

‘उद्या मिळेल’ असं लिहिणं

ही चूक लहान आहे, पण नुकसान मोठं करते. फीड वेळेच्या क्रमाने लागत नाही. शुक्रवारी टाकलेली पोस्ट कुणाला रविवारी दिसते, आणि ती व्यक्ती ‘उद्या मिळेल’ वाचून सोमवारी दारात येते. वार आणि तारीख दोन्ही लिहा. माल संपला की त्याच पोस्टचं कॅप्शन एडिट करून अगदी सुरुवातीला ‘संपलं, पुढचं शनिवार २१ जून’ असं टाका. पोस्ट टाकल्यावर फोटो बदलता येत नाही, कॅप्शन मात्र कधीही बदलता येतं, आणि हे फार थोड्या बेकऱ्या वापरतात. कॅप्शनमध्ये दिलेली लिंक दाबता येत नाही हेही लक्षात असू द्या. व्हॉट्सअ‍ॅपची लिंक बायोमध्ये ठेवा आणि कॅप्शनमध्ये फक्त कुठला शब्द पाठवायचा ते सांगा.

रीलबद्दल थोडक्यात: तिथे कॅप्शनची जेमतेम एक ओळ दिसते आणि व्हिडिओ चालू असताना ती उघडून वाचणारे कमी. रीलला दोन ओळींचंच लिहा. गोष्ट सांगायची तर ती बोलून किंवा पडद्यावरच्या अक्षरांत सांगा. मोठं कॅप्शन एका फोटोला किंवा अनेक फोटोंच्या कॅरोसेलला शोभतं, आणि कॅरोसेलमध्ये तर निम्मी समजूत फोटोंवरच वाटून देता येते: पहिला फोटो अख्खा ब्रेड, दुसरा कापलेला, तिसरा फ्रीझरच्या डब्यात ठेवलेले काप.

तीच गोष्ट दर आठवड्याला सांगणं

सॉरडोचं मोठं कॅप्शन चाललं म्हणून दर शनिवारी तेच परत लिहिलं तर जुनी गिऱ्हाइकं कंटाळतात. मोठं कॅप्शन एकदा नीट लिहा आणि ती पोस्ट पानाच्या वर पिन करा. तीन पोस्ट पिन करता येतात. सॉरडो, केकच्या ऑर्डरची पद्धत आणि हंगामातला एक पदार्थ, एवढ्याने जागा भरते. मग दर आठवड्याची पोस्ट दोन ओळींची: ‘सॉरडो, शनिवार २१ जून, ₹२२०. आठच आहेत. पहिल्यांदा घेताय तर वर पिन केलेलं आधी वाचा.’ जून संपून ऑक्टोबर आला की पिन केलेल्या पोस्टमधली पावसाळ्याची ओळ मात्र बदलायची, नाहीतर कोरड्या हवेतही लोक ब्रेड दोन दिवसांत फ्रीझरमध्ये कोंबत बसतील.

प्लम केकला हेच जास्त लागतं, कारण तो तयार होण्याआधीच विकायचा असतो. फळं भिजवायला घालता त्या आठवड्यात, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मोठं कॅप्शन. बरणीत काय काय आहे ते सांगा, मनुका, काळे मनुके, संत्र्याची साल, काजू. रममध्ये भिजवलंय की संत्र्याच्या रसात, हे पहिल्या दोन ओळींत हवं, कारण बऱ्याच घरांत निर्णय तिथेच होतो. रसात भिजवलेली फळं रममधल्यासारखी बाहेर महिनाभर टिकत नाहीत, ती फ्रिजमध्ये आणि कमी दिवस ठेवायची असतात, म्हणून रसाचा केक उशिरा आणि मोजकाच होईल, हेही त्याच कॅप्शनमध्ये सांगितलं की डिसेंबरात कुणी रुसत नाही. त्यानंतर जसजशी शेवटची तारीख जवळ येते तसतशी पोस्ट आखूड होत जाऊ द्या. शेवटच्या दिवशी एवढंच: ‘प्लम केकच्या ऑर्डर शनिवार २० डिसेंबर, रात्री ९ ला बंद. रमचे संपले, रसाचे सहा उरलेत.’ त्या दिवशी बरणीची गोष्ट परत सांगू नका, घाईत असलेल्या माणसाला ती आडवी येते.

लाइक मोजून ठरवणं

कुठलं कॅप्शन चाललं हे बघताना बहुतेक जणी लाइक बघतात. लाइक फोटोला पडतात. कितीतरी जण कॅप्शन न वाचता दोनदा टॅप करून पुढे जातात. प्रोफेशनल खातं असेल, आणि ते फुकट आहे, तर इनसाइट्समध्ये सेव्ह आणि शेअर दिसतात. साठवणुकीची माहिती असलेलं मोठं कॅप्शन सेव्ह होतं. खारीची दोन ओळींची पोस्ट सेव्ह होणार नाही, तिचं यश दुकानात सात वाजता उरलेल्या खारीवर बघायचं. म्हणजे दोन प्रकारच्या कॅप्शन्सना एकाच आकड्याने मोजणंच चूक आहे.

खरोखर तुलना करायची असेल तर एकच पदार्थ घ्या. समजा केक. चार आठवडे, त्याच वारी, त्याच वेळी, साधारण तशाच उजेडातला फोटो, आणि एक आठवडा छोटं, एक आठवडा मोठं असं आलटून पालटून. छोट्या पोस्टमध्ये लिहा ‘व्हॉट्सअ‍ॅपवर केक लिहा’, मोठ्यामध्ये ‘व्हॉट्सअ‍ॅपवर वाढदिवस लिहा’. म्हणजे निरोप कुठून आला ते विचारावं लागत नाही. ऑर्डरच्या वहीत एक रकाना आखा आणि त्यात दोन गोष्टी टिपा: कुठला शब्द आला, आणि ऑर्डर पक्की होईपर्यंत किती निरोप करावे लागले. या दुसऱ्या आकड्याकडे सहसा कुणी बघत नाही, आणि मला तो जास्त बोलका वाटतो. मोठ्या कॅप्शनमुळे ऑर्डर तेवढ्याच आल्या, पण प्रत्येकीमागे दहाऐवजी चार निरोप लागले, तर त्या कॅप्शनने तुमची संध्याकाळ वाचवली.

मधे रक्षाबंधन किंवा गणपती आले तर तो आठवडा धरू नका, सणाला काहीही लिहिलं तरी ऑर्डर येतात. आणि आकडे लहान असतील तर त्यांना फार ओढू नका. आठवड्याला सात-आठ केक जात असतील, तर एका आठवड्यात दोन जास्त गेले हे कॅप्शनमुळे की कुणाच्या सोसायटीत दोन वाढदिवस आले म्हणून, हे सांगता येत नाही. अशा वेळी आकडे बाजूला ठेवून निरोपच वाचा. लोक कुठला प्रश्न विचारायचे थांबले, हे आठ केकच्या बेकरीलाही स्पष्ट दिसतं.

शेवटचं काम: पोस्ट झाली की ती घरातल्या ज्येष्ठ माणसाच्या फोनवर उघडून बघा, ज्यांनी अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात. तिथे `more` कुठे येतं ते बघा. किंमत आणि वार त्याच्या पुढे गेलेले दिसले, तर एडिट करून त्यांच्या आधीचे शब्द खाली ढकला. बऱ्याचदा पहिल्या ओळीतलं ‘नमस्कार मंडळी’ काढलं की भागतं.